मुलाखतीला किती जण यायचे?

नांदुऱ्यातल्या एका बियाणे कंपनीच्या कार्यालयात वंदना तायडे माणसांच्या भरतीचं काम बघतात. त्यांनी उमेदवाराला फोन लावला की पलीकडून हमखास बाप बोलतो. "पोरगं आंघोळीले गेलं, काय विचारायचं ते मले विचारा." वंदनाताई शांतपणे सांगतात, "काका, नोकरी तुमाले नाही देऊन राह्यलो."

धामणगाव बढ्याच्या शिवमनं फोन स्वतः उचलला, म्हणून त्या खूश झाल्या. कृषी पदविका झालेला मुलगा, फिल्ड असिस्टंटच्या जागेसाठी पहिलीच मुलाखत. प्रश्नांची उत्तरं बरी दिली आणि शेवटी हळूच म्हणाला, "मॅडम, मी नाही आलो तं चालंल का?"

"चालंल. जागा दुसऱ्याले जाईल. काऊन, काय झालं?"

"मले लोकांसमोर बोलताच येत नाही."

"मंग आत्ता कोण बोलून राह्यलं?"

फोन ठेवून त्यांनी त्याला सविस्तर मेसेज पाठवला. पोरगं खरंच येणार नाही अशी त्यांना धास्ती होती.

'शिवम, आज फोनवर झाला तो पहिला टप्पा. त्यात तुम्ही पास आहात. गुरुवारी अकराला उरलेले तीन. आधी लेखी: पिकं, फवारणीची मात्रा, टक्केवारीची साधी गणितं. मग आमचा एक माणूस तक्रार घेऊन आलेला शेतकरी बनेल, त्याच्याशी बोलायचं. शेवटी साहेब आणि मी: फिरायची तयारी, गाडीचं लायसन, पगार, रुजू कधी होणार. मूळ कागदपत्रं आणि झेरॉक्स आणा. पाठ करून येऊ नका. येत नसेल ते येत नाही म्हणा. कुणी पैसे मागितले तर मला कळवा. घाबरू नका, आम्हीही इथलेच.'

गुरुवारी शिवम आला. त्याच्यामागून जीपमधून चार माणसं उतरली.

पुढे मामा पंजाबराव, कडक इस्त्रीच्या धोतरात. भाच्याचा मेसेज त्यांनी घरात मोठ्यानं वाचून दाखवला होता. सोयरीक असो की वाटणी, महत्त्वाच्या कामाला एकटं जायचं नाही हा घरचा शिरस्ता. इथे तर टप्पे चार. प्रत्येक टप्प्याला एकेक जाणता माणूस वाटून दिला होता. फोनचा टप्पा आधीच उरकल्यामुळे शिवमच्या काकांना काम उरलं नव्हतं, तरी ते आले होते.

"लेखीले मोतीराम बसंल," पंजाबरावांनी जाहीर केलं. "हिशोबाले पक्का हाये."

"मामा," वंदनाताई म्हणाल्या, "पोरगी पाहाले आले का तुमी? समोर चहा चांगला भेटते."

मंडळी चहा घेऊन परत आली आणि खिडकीबाहेर उभी राहिली. लेखी शिवमनं एकट्यानं सोडवली, बरी गेली. मग तक्रारीचा टप्पा. कार्यालयातला गोविंदा शेतकरी झाला. टेबलावर हात आपटून ओरडला, "तुमचं सोयाबीन उगवलंच नाही! आता काय करता?"

शिवमचा चेहरा उतरला. "नमस्कार. आमची कंपनी..." एवढं बोलून तो थांबला. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. वंदनाताईंनी पोराकडे बघायचं टाळलं. पुढचा उमेदवार बाहेर बसलेला होता.

तेवढ्यात खिडकीतून पंजाबराव ओरडले, "लय खोल पेरलं असंन त्यानं! सांग ना बे!"

शिवम गर्रकन वळला. "मामा, तुमी गप राह्या! वावर कोनं पाह्यलं? पेरल्यावर पाऊस पडला का, हेच विचारलं नाही अजून!" आणि त्याच दमात गोविंदाकडे वळून म्हणाला, "काका, बिल हाये का? पिशवीचा टॅग, लॉट नंबर? उरलेलं बियाणं फेकू नका. उद्या येतो, वावर पाहतो. भरपाईचं मी आत्ता नाही सांगू शकत, पाहून वरच्या साहेबांले विचारतो."

गोविंदा ओरडायचं विसरला. "ये बापा," म्हणाला.

साहेबांनी वहीतली ओळ खोडली. सकाळपासून आलेल्या दोघा उमेदवारांनी याच जागी पिशवी बदलून द्यायचं बिनधास्त आश्वासन दिलं होतं.

वंदनाताईंनी उठून खिडकी लावून घेतली. "हा टप्पा मामांनी जिंकला म्हणतीन आता," त्या पुटपुटल्या.

शेवटच्या टप्प्यात शिवमचा आवाज पुन्हा बारीक झाला होता, पण थांबत नव्हता. फिरायची तयारी आहे. लायसन आहे. पगाराचा आकडा साहेबांनी सांगितला, तो त्याला पटला.

"कागद तपासून झाले की पत्र मिळेल," साहेब म्हणाले. "रुजू कधी होशील?"

शिवमची मान आपोआप खिडकीकडे वळली. काचेपलीकडे पंजाबराव बोटांनी काहीतरी खुणावत होते, मुहूर्ताचं असावं.

"तिकडे नाही," वंदनाताई म्हणाल्या. "प्रश्न तुले विचारला."

त्यानं मान परत टेबलाकडे वळवली.

"सोमवारी, मॅडम," तो म्हणाला. "मामांले मी सांगतो."