टीटी बायिंगचा हट्ट

माझी शाळा चौथीत सुटली, पण बारामतीच्या बँकेतला डॉलरच्या दरांचा तक्ता मला वाचता यायचा. अमेरिकेतला मुलगा तारेनं पैसे पाठवायचा, त्याला टीटी बायिंगचा दर लागायचा. त्या खेपेला त्याच्या आईच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, ऑपरेशनसाठी त्यानं डॉलरचा चेक पाठवला. साहेबांनी बिल बायिंगचा, जरा कमी दर सांगितला.

"मला बी वाचता येतंय, साहेब."

"आबा, तारेचे डॉलर आधीच आमच्या खात्यात आलेले असतात. चेकचे अजून यायचेत. तरी आज पैसे हवे असतील तर बिल बायिंग. नाहीतर चेक वसुलीला पाठवतो, महिना लागेल. डॉलर जमा होतील त्या दिवशीचा टीटी बायिंग देऊ."

"पाठवा. हक्काचं मी सोडत न्हाय."

घरी बायको म्हणाली, "लई दुखतंय वो. मिळतील तेवढं घ्यायचं की."

"महिन्याचा तर प्रश्न हाय," मी म्हणालो.

महिन्यानं पैसे आले, टीटी बायिंगच्याच दरानं. फरक एका लुगड्याच्या किमतीएवढाही नव्हता. तिचं तेरावं होऊन चार दिवस झाले होते.

साहेबांना ते ठाऊक नव्हतं. ते हसून म्हणाले, "झालं ना आबा मनासारखं?"

मी म्हणालो, "व्हय."