लिटरभर माया

आत्याचं लग्न झालं नाही, आणि त्याचं दुःख तिच्यापेक्षा शेजाऱ्यांनाच जास्त होतं. ती दिवसभर कपडे शिवायची, आणि भाऊ-वहिनी कामावर गेले की त्यांच्या दोन वर्षांच्या ठमीला सांभाळायची. एक पाय मशीनवर, एक डोळा पोरीवर. ठमी कुरकुरली की मशीन न थांबवता तिच्या तोंडात दुधाची बाटली. पोर गप्प, शिलाई सरळ.

ठमी गुबगुबीत झाली, पण पांढरीफटक. जेवणाच्या नावानं शंख. आणि शी म्हणाल तर चार-पाच दिवसांनी, तीही दगडासारखी. वेळ आली की ती पडद्यामागे पाय आवळून लालबुंद उभी राहायची. आत्याला वाटायचं, पोरगी जोर लावतेय. मग पोट साफ व्हावं म्हणून ती आणखी एक बाटली द्यायची.

एक दिवस शीबरोबर रक्ताची रेघ दिसली. वहिनी रडली, आत्यानं ठमीला कडेवर घेतलं आणि तिघी लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी ठमीला नीट तपासलं आणि विचारलं, दूध किती पिते?

"असेल दोन-तीन कप," आत्या म्हणाली.

"वन्सं, लिटरभर तरी असतं," वहिनी हळूच म्हणाली.

"मग जेवणानं जायचं कुठे?" बाई म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं ते असं: दुधात चोथा नाही, लोहही नावापुरतं. पोट दुधानंच भरलं की पोर दुसरं काही खात नाही, आणि शी कडक होते. कडक शी दुखते, म्हणून पोर ती दाबून धरते. पडद्यामागे जोर नव्हता, उलटा कारभार होता. रक्ताची रेघ कडक शीनं पडलेल्या चिरेची होती. दूध बंद करायचं नाही, पण दिवसाला दोन लहान कप पुरे, तेही जेवणानंतर. बाटली बंद. डाळ, भाज्या, सालासकट फळं आणि पाणी. शी मऊ करणारं औषध दिलं, ते मनानं थांबवायचं नाही असं बजावलं. रक्त तपासलं, लोह कमी निघालं, त्याचंही औषध आलं.

"म्हणजे मीच तिला बूच लावलं," आत्या म्हणाली.

"तुम्ही एकट्या नाही," बाई हसल्या.

पहिला आठवडा ठमीनं घर डोक्यावर घेतलं. डाळ भिंतीवर गेली, पपई कुणाच्या तरी नव्या पँटवर. आत्या जेवणाच्या वेळी मशीन बंद करून तिच्यासमोर बसायला लागली. जेवण झालं की ठमीला पॉटीवर बसवायचं, पायाखाली पाट. काही होवो न होवो, ओरडायचं नाही. मध्ये एकदा पुन्हा खडे आले. आत्यानं डॉक्टरांना मनातल्या मनात शिव्या दिल्या, पण औषध चालू ठेवलं.

महिन्याभरानं ठमी बसल्या बसल्या मोकळी झाली, न रडता. कोटाचं माप द्यायला आलेले एक साहेब दारात उभे होते. आत्यानं त्यांना बसाही न म्हणता वहिनीला फोन लावला आणि रंग, आकार, मऊपणा सगळं सविस्तर सांगितलं. साहेब खाली मान घालून ऐकत राहिले. ठमीनं मात्र पॉटीवरून उतरून वाटाणे मागितले.