तिसापैकी तीस

राज्याचे दोन तुकडे झाले त्या वर्षी, हैदराबादच्या आमच्या कॉलेजात मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला शोधनिबंधाची चिकित्सा करायला दिली. गुणतक्त्यात सारांशाला दहा गुण ठेवले आणि पद्धतीतल्या उणिवा कारणांसह दाखवायला तीस.

विभागप्रमुख म्हणाले, "नक्को मॅडम, आकडे उलटे करा. पोरं मोठ्यांच्या चुका काढतील."

सारांश तर निबंधाच्या माथ्यावरच छापलेला असतो, तो उतरवायला डोकं कशाला लागतं? मी आकडे हलवले नाहीत. निबंध मात्र माझाच निवडला, खताने रोपं किती वाढतात यावरचा.

दिलसुखनगरहून येणाऱ्या एका मुलीने लिहिलं, "तुलनेला बिनखताची रोपं नाहीत, म्हणून वाढ खतामुळेच झाली असं म्हणता येत नाही."

तिला तिसापैकी तीस दिले. तो पेपर प्रमुखांच्या टेबलावर ठेवून म्हटलं, "सर, पुढच्या वर्षी तुमचा निबंध देते."