दिवेलागणीची पिन

संध्याकाळी आमच्या पाचोऱ्यात आभाळ पिकल्या केळ्यासारखं पिवळं होतं आणि सगळी माणसं स्वप्नात चालल्यासारखी दिसतात. त्या वेळी मुलीचा लॅपटॉप खिडकीशी एकटाच जागा असायचा. तो बंद करायचा नाही, असं तिने मला बजावलं होतं.

मुलगी जळगावला कॉलेजात जाते. मागच्या परीक्षेत तिचं गणित राहिलं. यंदाही राहिलं तर वर्ष जाणार. परतीच्या गाडीत अभ्यासासाठी लावलेला गजर ती पेंगत बंद करते, म्हणून तिने स्वतःच एक प्रोग्राम लिहिला. ज्या धड्याला बरेच दिवस हात लागला नाही, त्यातली तीन गणितं निवडून लॅपटॉप रोज संध्याकाळी सहा वाजता तिच्या मोबाईलवर पाठवायचा. गाडीत बसल्या बसल्या ती सोडवायला घ्यायची. मी चौथी शिकलेले. मला वाटे, घरात कुणी न दिसणारे मास्तर राहायला आले आहेत.

मग मास्तर गप्प झाले. तिच्याही लक्षात आलं नाही. आलेली गोष्ट दिसते, न आलेली कशी दिसणार? गाडीत बाहेरची कपाशी बघत ती सुस्त बसून यायची. नऊ दिवसांनी वही उघडली आणि शेवटच्या गणितावरची तारीख बघून तिचा चेहरा उतरला. परीक्षेला तीन आठवडे राहिले होते.

त्या संध्याकाळी तिने प्रोग्राम हाताने चालवून पाहिला. टिंग करून मेसेज आला.

"आई, चालस तर!" ती म्हणाली.

म्हणजे प्रोग्राम बरा, इंटरनेटही बरं. मग तिने रोज सहाला प्रोग्राम सुरू करणारी लॅपटॉपमधली यादी उघडली. वेळ बरोबर होती. पण शेवटचा कधी चालला, तिथे नऊ दिवसांपूर्वीची तारीख. का चालला नाही, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. नोंद ठेवायची सोय बंदच होती. ती तिने चालू केली आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेली.

साडेसातला परतली तशी चपलांसकट लॅपटॉपपाशी बसली. सहा वाजताची नोंद तिने मोठ्याने वाचली, मराठीत करून: "कॉम्प्युटर बॅटरीवर आहे, म्हणून काम सुरू केलं नाही."

"बॅटरीवर कसा?" ती स्वतःशीच म्हणाली. "चार्जर तर लायेल शे."

मी भाकरी थापत होते. हात तिथेच थांबला. न बोलता राहिले असते तर कुणालाच कळलं नसतं. मला तशी सवयही आहे. पण तिचं वर्ष माझ्या पिठाच्या हातात आल्यासारखं वाटलं.

"पिन मी काढस," मी म्हटलं.

"तू? कधी?"

"रोज. दिवा लावानी येळले. लाईट फडफडस ना. शेजारनी अक्काना टीव्ही जळना, तवापासून. सात वाजता परत लावस."

अक्कांचा टीव्ही जळला त्याला दहा दिवस झाले होते. घरात लॅपटॉप तेवढी एकच महागाची वस्तू, म्हणून देवापाशी दिवा लावायच्या आधी मी त्याची पिन काढायचे. पडद्यावर उजेड राहायचा, म्हणून मला काही बिघडलंसं वाटलं नाही.

ती खो खो हसली. "कालपासून मी मशीनले शिव्या दिन्यात, आनि चोर घरमाच शे!"

मग तिने मला एक बारीक चौकट दाखवली. वीज जोडलेली असेल तरच काम सुरू करायचं, अशी खूण तिथे आधीपासूनच होती. ती तिने काढली. रविवारी पावणेसहाला तिने मलाच पिन काढायला लावली. आम्ही दोघी पिवळ्या उजेडात मोबाईल मध्ये ठेवून बसलो. सहा वाजले आणि तो वाजला. मला उगाच रडू आलं.

"पन पुन्हा गपचूप बंद पडनं तं?" ती म्हणाली, आणि तिने मेसेज माझ्याही मोबाईलवर येईल असं केलं. "नही उना तं माले फोन कर."

फोनवर बोलायची मला लाज वाटते, त्यातून ओट्यावर बायका बसलेल्या. तरी रोज सहाला मोबाईल हातात घेऊन उभी राहायचे. गणितातलं काही कळायचं नाही, पण तीन आहेत एवढं मोजायचे. एक दिवस पाच वाजताच वीज गेली. लॅपटॉप जागा, पण वायफायचा डबा विझलेला. सहा वाजून गेले. ओट्यावर कुजबुज चालू होती. मी सगळ्यांसमोर फोन लावला.

"उना नही," मी म्हटलं.

पलीकडून गाडीचा खडखडाट आला, मग तिचा आवाज. "बरं करं, तू सांगं ते. मीच सातवा धडा काढस."

वहीचं पान उलटल्याचा आवाज मला ऐकू आला, की तसा भास झाला, कोण जाणे. फोन कानाला तसाच धरून मी उभी होते.