विहीणबाईंची कॉफी

आमच्या विहीणबाईंना मराठीतला एकच शब्द येत होता: छान. लेकीने शिकवलेला. त्या पार तुर्कस्तानातून श्रीवर्धनला आल्या, आमची नारळी-पोफळीची वाडी पाहून छान म्हणाल्या, उकडीचे मोदक छान, बिरड्याची उसळ छान. मात्र जे जे छान, ते ते पानात तसंच राहायचं. दुसऱ्याच दिवशी पायरीवरून त्यांचा पाय मुरगळला, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कसल्याशा कागदपत्रांसाठी मुंबईला वकिलातीत जावं लागलं. सगळे म्हणजे लेक, जावई, बायको. घरात उरलो विहीणबाई आणि मी. मध्ये एकही भाषा नाही.

निघताना लेकीने माझ्या हातात लांब दांड्याचं, तांब्याचं एवढंसं भांडं दिलं.

“हे कशाला? फोडणीला?”

“बाबा, प्लीज! जेवणानंतर त्यांना यातली कॉफी लागते. फेस नसेल तर त्यांच्याकडे पाहुण्याला किंमत दिली नाही असं समजतात. दोन दिवस त्या धड जेवल्या नाहीयेत. मला त्यांच्याच शेजारी राहायचंय. आणि फोन करू नका, आत मोबाइल नेऊ देत नाहीत.”

“अहो, आणि त्यात आलं ठेचून घालू नका,” बायको गाडीतून ओरडली.

लेकीने सांगितलेली कृती सोपी होती. कपाने मोजून गार पाणी, त्यात मैद्यासारखी बारीक दळलेली कॉफी आणि साखर, सुरुवातीलाच ढवळायचं आणि मग चमच्याला हात लावायचा नाही. मंद आच. फेस कडेने वर चढू लागला की उकळी फुटायच्या आत उतरवायचं. या शेवटच्या वाक्यातच घोटाळा होता. आमच्याकडे उकळी न फुटलेल्या पेयाला कुणी चहा-कॉफी म्हणत नाही. मी उभ्या आयुष्यात काही उकळी यायच्या आधी उतरवलेलं नाही. हात शिवशिवला, म्हटलं, अजून जरा होऊ दे. भस्सकन एक बुडबुडा आला आणि फेस गायब. उरलं काळं पाणी, वर गाळ तरंगणारं.

तेच नेऊन दिलं. दुसरं काय करणार? विहीणबाईंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि हसून म्हणाल्या, “छान.”

म्हणजे कॉफीही तशीच राहणार. घरातून पळून जायचीही सोय नव्हती. पाय मुरगळलेला पाहुणा टाकून जाणार कुठे? मी पुन्हा स्वयंपाकघरात शिरलो. मागोमाग भिंत धरून लंगडत त्याही आल्या. आता मी शेगडी आणि विहीणबाई यांच्यामध्ये. त्यांनी गॅसकडे पाहून “च्” केलं आणि बटण फिरवून आच अगदी बारीक केली. पण ते चिमुकलं भांडं बर्नरच्या जाळीवर ठरेना, दांड्याच्या वजनाने कलंडायचं. हाताने धरून ठेवावं तर हात थरथरणार, फेस मोडणार.

तेव्हा मला शेंगदाणे भाजायची कढई आठवली. आमच्याकडे शेंगदाणे वाळूत भाजतात, त्यामुळे धुऊन वाळवलेली वाळू डब्यात असतेच. ती कढईत तापवली, भांड्यात नव्याने दोन कपांचं पाणी, कॉफी, साखर ढवळली आणि भांडं अर्धं वाळूत रुतवलं. हललं नाही. विहीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आमच्या घरात आज पहिल्यांदा कुणीतरी शहाणा माणूस भेटला.

मग वाट बघणं. तेवढ्यात मागच्या दारातून नारळ पाडणारा ओरडला, “काका, नारळ कुठं टाकू?”

“टाक कुठेही!”

“विहिरीच्या पंपावर टाकू?”

“अरे, थांब जरा! हलता येत नाहीये मला!”

“कमर धरली काय?”

उत्तर देण्यासाठी मान वळवणार, तोच विहीणबाईंनी माझं मनगट धरलं. भांड्यात कडेने तपकिरी वेटोळं उठत होतं, मधलं काळं बेट लहान होत चाललं होतं. बेट मिटलं. फेस काठाकडे चढू लागला. माझा हात म्हणत होता, अजून जरा होऊ दे. मनगटावरची पकड घट्ट झाली. मी उचललं.

त्यांनी चमच्याने फेस दोन्ही कपांत वाटला, भांडं परत वाळूत क्षणभर टेकवलं, पुन्हा वर येताच कडेकडेने कॉफी ओतली. फेस वरच राहिला. गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं, असं त्यांनी बोट वर करून सांगितलं, आणि आम्ही दोघं शेगडीपाशीच पाटावर बसून थांबलो. बाहेर नारळवाला पंपाबद्दल विचारतच होता.

विहीणबाईंनी घोट घेतला. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होतो, आता तो शब्द येणार म्हणून. आला नाही. गाळ लागेपर्यंत पीत राहिल्या. मग रिकामा कप ठेवून त्यांनी शेगडीशेजारी ठेवलेल्या माझ्या वाडग्यातला, सकाळचा, थंड झालेला मोदक उचलला आणि पुरा खाल्ला.