तिसऱ्या हप्त्याची तारीख

इस्पितळाच्या लॉन्ड्रीत तिला सगळे घडीताई म्हणत. चादर कसलीही असो, तिच्या हाताखालून गेली की चारही कोपरे एकमेकांवर बसलेच पाहिजेत, असा तिचा शिरस्ता. नव्या पोरीने घाईघाईत वेडीवाकडी घडी घातली तर ती रागवायची नाही. नुसती चादर उलगडायची आणि परत तिच्या हातात द्यायची. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या तर बरं, असं पोरी आपापसात म्हणायच्या. एकतीस वर्षं तळघरातल्या त्या वाफेत काढून घडीताईने स्वतःचीही तशीच घडी घालून ठेवली होती. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलाचं लग्न झालं, नात चालायला-बोलायला लागली, आणि या सगळ्यात ती कुठेही गेली नाही. जायचं म्हणजे कुठे, हा प्रश्नसुद्धा तिला कुणी विचारला नव्हता.

अशा बाईने एकोणसाठाव्या वर्षी डोंगर चढायचं मनावर घेतलं. लिफ्टच्या शेजारी एक जाहिरात लागली होती. जाऊन-येऊन दहा दिवसांचा ट्रेक, बर्फातली एक खिंड, आणि फोटोत रांगेने चालणारी माणसं. इस्पितळात रुग्णांना व्यायाम शिकवणाऱ्या बाई दोन वर्षांपूर्वी तिथे जाऊन आल्या होत्या. घडीताईने त्यांना एवढंच विचारलं, की माझ्यासारखीला घेतात का. बाई म्हणाल्या, निघायच्या दिवशी साठ पूर्ण झालेली नकोत, बाकी पाय धड असले की झालं. घडीताईने तिथल्या तिथे हिशेब केला. ट्रेक वर्षातून एकाच मोसमात निघायचे. या मोसमात जमत होतं. पुढच्या मोसमात नाही.

घरी सांगितल्यावर मुलगा पोट धरून हसला. माळ्यावर चढताना तुझे गुडघे वाजतात ते शेजारच्यांना ऐकू येतं, म्हणाला. घडीताईही हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिने लिफ्ट सोडली. तळघरातून सहाव्या मजल्यापर्यंत, रोज दोनदा, पुढे पुढे चारदा. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच तिच्या श्वासाची शिट्टी वाजायची. दोन महिन्यांनी ती स्वच्छ चादरींचा गठ्ठा घेऊन वरपर्यंत जायला लागली, तेव्हा वॉर्डातल्या नर्सबाईंनी तोंडात बोटं घातली.

पैसे चार हप्त्यांत भरायचे होते आणि प्रत्येक हप्त्याला तारीख ठरलेली होती. नाव नोंदवताना पहिला. दुसरा तीन महिने आधी, तिसरा पंचेचाळीस दिवस आधी, आणि शेवटचा निघायच्या पंधरा दिवस आधी. त्या त्या तारखेला संध्याकाळी सहापर्यंत पैसे जमा झाले नाहीत तर जागा सुटते आणि प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला जाते, असं फॉर्मवर ठळक छापलं होतं. घडीताईला हा नियम फार आवडला. नियम असा असावा, म्हणाली, कुणाचं तोंड बघून बदलत नाही.

पैसे मात्र फोनवर येणाऱ्या लिंकवरूनच भरायचे होते, आणि घडीताईचा फोन बोलण्यापुरताच. म्हणून फॉर्मवर मुलाचा नंबर दिला. ती पाकिटात रोख घालून त्याच्या हातात द्यायची, तो आपल्या खात्यातून भरायचा. पहिले दोन हप्ते असेच गेले. तिसऱ्याची तारीख पंधरा होती. तिने दहा तारखेलाच पाकीट दिलं, वर 'हप्ता ३' असं लिहून. मुलगा म्हणाला, "ठेव कपाटात वरच्या खणात, भरतो." सतराला तिने विचारलं, भरलेस ना रे. त्याने फोनमधून मान वर न करता हुंकार दिला. मुलाच्या हुंकाराची पावती मागणारी आई अजून जन्माला यायची आहे.

अठराला इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिला तंदुरुस्तीचा दाखला दिला. ईसीजीची पट्टी काढून झाल्यावर ते म्हणाले, माझ्यापेक्षा तुम्हीच बऱ्या आहात. तो दाखलाही फोनवरून पाठवता आला असता. पण इतका चांगला दाखला आयुष्यात पहिल्यांदा मिळालेला, तो स्वतःच्या हाताने द्यावा असं तिला वाटलं. दुपारपाळी बदलून घेतली आणि ती ट्रेकवाल्यांच्या ऑफिसात गेली. एका लहान खोलीत दोन टेबलं, भिंतीवर टांगलेल्या पाठपिशव्या, आणि टेबलामागे बुकिंग बघणारी एक चुणचुणीत मुलगी.

मुलीने दाखला घेतला, नाव विचारलं आणि संगणकात बघितलं. मग परत बघितलं.

"काकू, या तुकडीत तुमचं नाव नाहीये," ती म्हणाली. "तिसरा हप्ता आला नाही ना. पंधराला सहा वाजता जागा सुटली."

काहीतरी गफलत असेल, घडीताई म्हणाली, मुलाने भरलेत, तुमच्याकडे चढले नसतील. मुलगी बिचारी चांगली होती. तिने पडदा फिरवून दाखवला. आठवण करून देणारा मेसेज आठला गेलेला, परत तेराला, परत पंधराच्या सकाळी. तिन्ही वाचल्याची खूण होती. लिंक उघडलेलीसुद्धा नव्हती. शिवाय मुलीने पंधराला चार वाजता आपणहून फोन केला होता, कारण या वयाच्या बायका फारशा येत नाहीत आणि तिला घडीताई लक्षात राहिली होती.

"मग काय म्हणाला?"

मुलगी जरा अडखळली. "म्हणाले, सध्या घरात पैशाची ओढाताण आहे, बघतो सहापर्यंत."

घडीताईचे कान तापले. ओढाताण. एकतीस वर्षांत तिने कुणाचे चार आणे बुडवले नव्हते, आणि या पोरीपुढे तिची जागा पैशापायी गेली होती. पाकीट तर दहा तारखेपासून घरात होतं. जागा गेल्यापेक्षा त्या एका शब्दाने तिला जास्त लागलं, आणि आपल्याला जास्त लागलं याचाही तिला राग आला.

आत्ता भरते, ती म्हणाली. मुलीने मान हलवली. तिसऱ्या हप्त्याची तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी नावं परवान्यासाठी जातात, त्याच यादीवरून तंबू आणि हमाल ठरतात. सुटलेली जागा सोळालाच यादीतल्या पहिल्याने पैसे भरून घेतली होती. बाकीच्या तुकड्या भरलेल्या. प्रतीक्षा यादीत नाव घालते, पण पुढे अकरा जण आहेत. नोंदणीचा हप्ता परत मिळत नाही, दुसऱ्या हप्त्याचे पैसे मात्र जमा राहतील. "वर्षभरात कधीही वापरा काकू, पुढच्या मोसमातही चालतं," मुलगी समजुतीने म्हणाली. मग फॉर्मवरची जन्मतारीख तिच्या नजरेला पडली आणि तिने पडदा परत आपल्याकडे वळवून घेतला.

घडीताईने दाखला परत मागून घेतला.

घरी आली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. मुलगा नुकताच कामावरून येऊन चहा पीत होता, सून नातीचे केस विंचरत होती. घडीताई त्याच्या कपाटापाशी गेली आणि वरचा खण उघडला. पाकीट होतं. तिने ठेवलं होतं तसंच, बंद. एक पैसा हलला नव्हता. त्याने ते उधळले असते, कुणाचं देणं भागवलं असतं, तर तिला निदान भांडता आलं असतं. हे काय होतं तेच कळेना.

मुलगा आधी म्हणाला विसरलो. मग म्हणाला लिंक चालली नाही. मग तिची काळजी पुढे आली. थंडी किती, वय काय, उद्या काही झालं तर लोक मलाच बोलतील. घडीताई ऐकत उभी राहिली. त्याची कारणं संपली तसा तो चिडला.

"आणि त्याच दिवसांत पाळणाघर बंद आहे. हिचं बाहेरगावी प्रशिक्षण आहे. पोरीकडे कोण बघणार? तुझी रजा मंजूर झालेलीच होती."

म्हणजे अशी गोम होती. जायला नको म्हणायची त्याची छाती झाली नव्हती. नाही म्हणायचं काम त्याने तारखेवर सोपवलं होतं. तारीख सहा वाजता येऊन आईला परस्पर नाही म्हणेल, आणि आई मुकाट्याने रजा घेऊन घरी बसेल.

सुनेच्या हातातला कंगवा थांबला. "मला तर हे म्हणाले, तुम्हीच बेत रद्द केलात," ती म्हणाली. "गुडघे दुखतात म्हणून."

मुलाने कप खाली ठेवला आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला. घडीताई त्याच्यासमोर बसली. तिचा आवाज चढला नाही, आणि ते त्याला फार जड गेलं असावं.

"नुसतं विचारलं असतंस ना, तरी मी राहिले असते. कटकट केली असती, दोन दिवस फुगून बसले असते, पण राहिले असते. माझं राहणं तुला फुकट मिळत होतं रे. तेही तू चोरलंस."

पाकीट तिने आपल्या पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती मुकादमाकडे गेली आणि रजा रद्द केली. मुकादमाने विचारलं, का हो ताई, पाय दुखावला का? हो म्हणाली. खरं सांगितलं असतं तर पोटच्या पोराची अब्रू गेली असती, आणि ती अजूनही तिला आपलीच वाटत होती. घरी तिने एका वाक्यात सांगितलं, की त्या दहा दिवसांत मी कामावर आहे. मुलाला चांगला धडा मिळेल, असं तिच्या मनात होतं. त्याला रजा काढावी लागेल, पोरीला भरवावं लागेल, दुपारी झोपवावं लागेल.

चार दिवसांनी सुनेने जेवताना सांगितलं, की तिने प्रशिक्षणातून नाव काढून घेतलं. दोन वर्षांनी नंबर लागला होता. हे म्हणतात त्यांना रजा मिळणं शक्य नाही, ती म्हणाली, आणि ताटातली भाजी संपवली. घडीताईने मुलाकडे बघितलं. तो नातीला घास भरवत होता, अगदी मायेने.

तुकडी ठरल्या दिवशी निघाली. त्या दहा दिवसांत घडीताई रोज सकाळी तळघरात उतरली आणि चादरींच्या घड्या घालत राहिली. मधेच यंत्र थांबलं की तिला आठवायचं, आज ते अमुक तळावर असतील, आज खिंड. तिला सगळा कार्यक्रम पाठ होता. संध्याकाळी घरी आली की सून नातीला घेऊन दारात उभी असायची, दिवसभर घरात अडकलेल्या बाईचा चेहरा करून. घडीताईला तो चेहरा आरशातून ओळखीचा होता. तिला सुनेची माफी मागावीशी वाटायची, आणि आपण कशाबद्दल मागायची हे कळायचं नाही. दोघी भाकरी-भाजीचं बोलत आणि आपापल्या कामाला लागत.

मुलगा दहाही दिवस वेळेवर कामावर गेला.