काकूचा अर्धा तास

आमचे काका घड्याळं दुरुस्त करतात. डॉक्टरकडे जायचं नसलं, की ताप आकड्यात येऊ द्यायचा नाही, हीसुद्धा त्यांची एक कारागिरीच.

एकदा त्यांच्या अंगाला हात लावला तर चटका बसत होता. काकूने कपाळासमोर थर्मामीटर धरला, तर सत्त्याण्णव. कपाळ ओलं लागलं. काकांनी नुकताच ओला रुमाल फिरवला होता. मग तिने डिजिटल थर्मामीटर जिभेखाली ठेवला. तोही सत्त्याण्णवच. उशाशी गार पाण्याची बाटली रिकामी पडली होती.

काकू भांडली नाही. बाटली उचलली, खुर्ची ओढली आणि समोर पेपर वाचत बसली.

"आता अर्धा तास घोटभरही पाणी नाही," एवढंच म्हणाली.

अर्ध्या तासाने जिभेखाली एकशे दोन भरला. कान जरा वर आणि मागे ओढून तिने कानातल्या थर्मामीटरनेही बघितलं. आकडा जवळपास तोच.

"यंत्र बिघडलंय," काका पुटपुटले.

"दोन्ही एकदमच?" म्हणत काकूने त्यांच्या चपला पुढे ठेवल्या आणि थेट दवाखान्यात नेलं.

काका बरे झाले. महिन्याभराने काकूलाच कणकण आली. "काही नाही हो मला," म्हणत तिने जिभेखालचा थर्मामीटर काढून दाखवला. अठ्ठ्याण्णव.

काकांनी आकडा पाहिला, मग उशाशी पाहिलं. तिथला रिकामा पेला त्यांनी उचलला, खुर्ची ओढली आणि पेपर उघडला. अर्धा तास त्यांनी एकही पान उलटलं नाही.